‘आमच्या भागात पाणी येत नाही’ : दप्तरी दाखल झालेल्या एका तक्रारीचे प्रकरण

एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात मी काही वर्षे आवक-जावक पाहत होतो. त्या काळात माझ्या हातून गेलेले एक पत्र आणि त्याचा पुढचा प्रवास येथे मांडतो आहे. पत्र अकरा जणांच्या सह्यांचे होते, भाषा सभ्य होती आणि त्रास अगदी खरा होता. तरीही ते पत्र कोणाच्याही दुष्टाव्याशिवाय, प्रत्येकाने आपापले काम नियमाप्रमाणे करूनही, अठरा दिवसांत दप्तरी दाखल झाले. हे कसे घडले ते तपशिलाने पाहणे मला आवश्यक वाटते, कारण तसेच पत्र दर आठवड्याला कोठे ना कोठे लिहिले जात असते.

11 जून रोजी आलेल्या त्या पत्राचा मजकूर, सह्या आणि नावे वगळून, असा होता :

‘प्रति, मा. मुख्याधिकारी साहेब. विषय : अनियमित पाणीपुरवठ्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून आम्ही खाली सह्या करणारे नागरिक आपणांस कळवू इच्छितो की, आमच्या भागात गेल्या कित्येक दिवसांपासून पाणीपुरवठा अनियमित होत आहे. पाणी वेळेवर येत नाही व आले तरी कमी दाबाने येते. त्यामुळे महिलांचे व लहान मुलांचे अतोनात हाल होत आहेत. याबाबत यापूर्वीही तक्रार केली होती, परंतु अद्याप कोणतीही कार्यवाही झालेली नाही. तरी आपण या प्रकरणी तातडीने लक्ष घालून आमचा पाणीपुरवठा सुरळीत करावा, ही नम्र विनंती.’

खाली अकरा सह्या होत्या आणि पहिल्या सहीसमोर एक मोबाईल क्रमांक होता. एकाही सहीसमोर घर क्रमांक नव्हता.

मी पत्रावर आवक शिक्का मारून क्रमांक टाकला आणि पोच दिली. मुख्याधिकाऱ्यांकडून ते ‘पा. पु. अभियंता, तपासून नियमानुसार कार्यवाही करावी’ या शेऱ्यासह आमच्या विभागात उतरले आणि तेथून कनिष्ठ अभियंत्यांकडे गेले. इथवर चार दिवस गेले, आणि तेवढे दिवस कोणत्याही पत्राला लागतात. खरी अडचण यानंतर सुरू झाली.

गावात तीन जलकुंभ होते आणि त्यांवर मिळून चौदा वितरण विभाग चालत. कोणत्या विभागाला कोणत्या दिवशी आणि किती ते किती पाणी सोडायचे याचे वेळापत्रक होते आणि त्याप्रमाणे व्हॉल्व्हमन फिरत असत. ‘आमच्या भागात’ या दोन शब्दांतून त्या चौदांपैकी कोणता विभाग, हे कळण्याचा मार्गच नव्हता. अभियंत्यांनी दिलेल्या क्रमांकावर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा दुपार होती आणि पत्र लिहिणारे गृहस्थ त्या वेळी कामावर असत, म्हणून फोन उचलला गेला नाही. पंधरा दिवसांच्या आढाव्याला हा अर्ज प्रलंबित दिसू लागला तेव्हा ‘अर्जात ठिकाणाचा उल्लेख नाही, अर्जदाराशी संपर्क होऊ शकला नाही, सबब दप्तरी दाखल’ असा शेरा पडला. तारीख होती 29 जून.

हा शेरा मला आजही बोचतो. आणखी एक फोन संध्याकाळी करता आला असता, हे मी मान्य करतो. पण ज्या टेबलावर एका वेळी चाळीसेक अर्ज असतात तेथे ठिकाण नसलेला अर्ज सर्वांत खाली जातो, हेही तितकेच खरे आहे. पत्र लिहिणाऱ्याला ही गोष्ट बाहेरून दिसत नाही. त्याच्या दृष्टीने ‘आमचा भाग’ म्हणजे ज्या नळाखाली तो रोज सकाळी बादली लावतो ती जागा असते, आणि ती इतकी उघड असते की तिचे नाव लिहायचे राहिले हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

पत्र पुन्हा लिहिले गेले ते कसे

30 जूनला सह्या करणाऱ्यांपैकी एक काका पोच घेऊन चौकशीला आले. शेरा वाचून ते फार दुखावले. ‘अकरा माणसांनी सह्या केल्या, त्याला काही किंमत नाही का?’ असे त्यांनी विचारले. त्यांना खुर्ची देऊन मी कोऱ्या कागदावर एकेक प्रश्न विचारत गेलो. त्या अर्ध्या तासात जे बाहेर आले ते सर्व त्यांना पहिल्यापासून माहीत होते. त्यांतले काहीही पत्रात नव्हते, एवढेच.

ठिकाणाचा प्रश्न मी आधी घेतला. गणेश कॉलनी, गल्ली क्रमांक 3, प्रभाग 7, असे त्यांनी लगेच सांगितले. पण पाणीपुरवठ्यात एवढेही पुरेसे नसते. गल्लीत बावीस घरे होती, म्हणून त्रास कोणाला आहे असे विचारले, तेव्हा कळले की गल्लीच्या तोंडाशी असलेल्या आठ घरांना फारसा त्रास नाही, मधल्यांना थोडा आहे आणि शेवटच्या अकरा घरांना पाणी जवळजवळ मिळतच नाही. सह्या त्या अकरा घरांच्याच होत्या. शेजारच्या गल्ली क्रमांक 4 मध्ये काय स्थिती आहे, असेही विचारले, तर तेथे सर्व व्यवस्थित होते.

हे तपशील जाणकाराला बरेच काही सांगतात. एकाच घरात पाणी कमी येत असेल आणि शेजारी ठीक असेल, तर दोष बहुधा त्या घराच्या नळजोडणीत असतो : जुना लोखंडी पाइप आतून गंजून बुजलेला असतो किंवा मुख्य वाहिनीवरील जोड चोंदलेला असतो. संपूर्ण विभागात पाणी कमी असेल, तर जलकुंभ पुरेसा भरलेला नसतो किंवा पंपिंगच्या वेळी वीज गेलेली असते. पण एका गल्लीत तोंडाशी पाणी, शेवटी नाही, आणि त्याच वाहिनीवरची शेजारची गल्ली सुरळीत, असे दिसले तर शोध त्या गल्लीच्या उपवाहिनीपुरता येऊन थांबतो : गळती, अडथळा किंवा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह. म्हणून पत्रात पत्ता लिहिताना गल्लीबरोबर कोठपासून कोठपर्यंत त्रास आहे आणि कोठे नाही, हे लिहावे. ‘नाही’ची माहिती अभियंत्याला ‘आहे’च्या माहितीइतकीच उपयोगी पडते. शिवाय पाणीपट्टीच्या बिलावर ग्राहक क्रमांक छापलेला असतो. तो एक क्रमांक लिहिला तरी कार्यालयाला जोडणी नेमकी सापडते, म्हणून प्रत्येक सहीसमोर घर क्रमांक आणि ग्राहक क्रमांक लिहायला मी काकांना सांगितले.

मग कालावधी. ‘कित्येक दिवसांपासून’ म्हणजे कधीपासून, असे विचारल्यावर काका थोडे थबकले आणि म्हणाले, ‘महिनाभर तरी झाला असेल.’ मी त्यांना एखादा प्रसंग आठवायला सांगितले. त्यांना आठवले की 19 मे रोजी त्यांच्याकडे पाहुणे होते आणि तेव्हा पाणी भरपूर होते. त्यानंतरच्या पहिल्याच पाळीला, म्हणजे 21 मे रोजी, पाणी उशिरा आले. इतकी नेमकी तारीख त्यांच्याकडे होती, पण पत्रात ‘कित्येक’ या शब्दाने ती झाकली गेली होती.

‘अनियमित’ या शब्दाचेही तसेच आहे. पाण्याची पाळीच चुकणे, पाळीच्या दिवशी उशिरा येणे, वेळेआधी बंद होणे आणि वेळेवर येऊनही दाब नसणे, या चार निरनिराळ्या तक्रारी आहेत आणि चौघींची कारणे वेगळी असतात. पाळी चुकली तर प्रश्न वेळापत्रकाचा किंवा व्हॉल्व्हमनचा असतो. दाब नसेल तर वाहिनीचा. काकांच्या गल्लीला दिवसाआड सकाळी 6 ते 7.30 पाणी होते. पाळी एकदाही चुकली नव्हती आणि बंदही वेळेवरच होत होते. शेवटच्या घरांना ते सातच्या सुमारास पोहोचत होते आणि आल्यावर धार करंगळीएवढी असायची. म्हणजे तक्रार अनियमिततेची नव्हतीच, ती उशिरा आणि कमी दाबाने येण्याची होती. पत्राचा विषयच चुकला होता.

त्या दिवशी पाळी होती आणि काकांनी सकाळीच एक गोष्ट केली होती जी मला फार मोलाची वाटली. रागाच्या भरात का होईना, त्यांनी घड्याळ लावून बादली भरली होती. पंधरा लिटरची बादली भरायला पाच मिनिटे लागली, म्हणजे मिनिटाला तीन लिटर. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या त्यांच्या मेहुण्यांकडे तीच बादली पन्नास सेकंदांत भरत होती, म्हणजे मिनिटाला अठरा लिटर. ‘कमी दाब’ या शब्दांना कोणीही ‘पाहू’ म्हणून टाळू शकतो, पण तीन आणि अठरा हे आकडे टाळता येत नाहीत. सातपासून साडेसातपर्यंत तीन लिटरच्या हिशेबाने नव्वद लिटर पाणी होते, आणि तेच चार माणसांच्या घराला दोन दिवस पुरवायचे असते. माणशी दिवसाला अकरा-बारा लिटर. भूमिगत गटारे असलेल्या शहरांसाठी माणशी दिवसाला 135 लिटर हा निकष आपल्याकडे धरला जातो, त्यापुढे हे पाणी किती, ते वेगळे सांगायला नको. हा हिशेब पत्रात मांडण्याची गरज नव्हती. बादलीचा वेळ लिहिला की अभियंता तो स्वतः करतो.

आधीची तक्रार

तिसरी उणीव सर्वांत लहान दिसत होती, आणि या प्रकरणात तीच सर्वांत मोठी ठरली. ‘यापूर्वीही तक्रार केली होती’ असे पत्रात होते. कोणी, कधी, कशी, याचा पत्ता नव्हता. काकांना विचारले तर म्हणाले, मेच्या शेवटी त्यांच्या सूनबाईंनी तक्रार केंद्राला फोन केला होता आणि तिकडून काहीतरी नंबर सांगितला होता. तो कॅलेंडरवर लिहिला होता, पण महिना उलटला तेव्हा पान मागे गेले.

येथे कार्यालयातील एक व्यवस्था समजून घ्यावी लागेल. फोनवरच्या तक्रारींची नोंदवही वेगळी असते आणि टपालाने आलेल्या अर्जांची वेगळी. दोन्हींचे क्रमांक आपापले चालतात. एका वहीतली नोंद दुसऱ्या वहीतल्या नोंदीशी आपोआप कधीच जोडली जात नाही. ती जोडणारी गोष्ट एकच, पत्राच्या विषयाखाली असणारी ‘संदर्भ’ ही ओळ. ती ओळ रिकामी असेल किंवा नसेलच, तर महिनाभर चाललेली तक्रारही कार्यालयाच्या दृष्टीने आजच जन्माला येते. लिहिणाऱ्याला वाटते की आपण पाठपुरावा करत आहोत. प्रत्यक्षात तो दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करत असतो.

क्रमांक हरवला तरी सर्व संपत नाही. फोन कोणत्या क्रमांकावरून आणि साधारण कोणत्या तारखेला केला एवढे सांगितले तरी वहीत शोधता येते. काकांनी घरी फोन लावला, सूनबाईंनी कॅलेंडरचे मेचे पान पाहिले आणि 27 मे, क्रमांक 643, असे सांगितले. मी वही काढली. नोंदीसमोर शेरा होता : ‘29 मे, स. 6.20, गल्ली क्र. 3 येथे पाहणी केली. घर क्र. 2 चे नळास पाणी चालू, दाब समाधानकारक. तक्रार बंद.’

शेरा खोटा नव्हता. व्हॉल्व्हमन खरोखर पाळीच्या दिवशी, पाळीच्या वेळी गेला होता. फक्त गल्लीत शिरताना दुसरे घर लागले, तेथे त्याने पाहिले आणि परतला, कारण फोनवर ‘गल्ली क्रमांक 3’ एवढेच सांगितले गेले होते आणि शेवटची घरे असा उल्लेख नव्हता. त्या घरात तेव्हा पाणी होतेच. बंद झालेल्या तक्रारीची बातमी सूनबाईंना कोणी दिली नाही, म्हणून घरात सर्वांची समजूत अशी की कोणी आलेच नाही. कार्यालयाची समजूत अशी की त्रास मिटला. पत्रात 643 हा आकडा असता तर 15 जूनलाच कोणीतरी ही वही उघडली असती, पाहणी चुकीच्या टोकाला झाली हे दिसले असते, आणि ठिकाणही त्याच नोंदीतून मिळाले असते. ‘कोणतीही कार्यवाही झालेली नाही’ हे वाक्य मात्र वस्तुस्थितीला धरून नव्हते आणि अशा वाक्याने अभियंता नाहक दुखावतो. त्याऐवजी पाहणी कोठे झाली आणि कोठे व्हायला हवी, हे लिहिलेले बरे.

1 जुलैला लिहिलेले दुसरे पत्र पहिल्यापेक्षा फार मोठे नव्हते. त्याचा गाभा असा :

‘विषय : गणेश कॉलनी, गल्ली क्र. 3 (प्रभाग 7) येथील घर क्र. 12 ते 22 यांना 21 मेपासून पाणी उशिरा व कमी दाबाने मिळत असल्याबाबत. संदर्भ : 1) तक्रार केंद्र, तक्रार क्र. 643, दि. 27 मे. 2) आमचा अर्ज, दि. 11 जून (आवक पोच सोबत). महोदय, आमच्या गल्लीस दिवसाआड सकाळी 6 ते 7.30 पाणी सोडले जाते. 19 मेनंतर घर क्र. 12 ते 22 येथे पाणी सुमारे 7 वाजता येते. दि. 26, 28 व 30 जून या तिन्ही पाळ्यांस हीच स्थिती होती. 30 जून रोजी घर क्र. 21 येथे 15 लिटरची बादली भरण्यास 5 मिनिटे लागली. त्याच सकाळी घर क्र. 3 येथे 50 सेकंद लागले. गल्ली क्र. 4 मध्ये पुरवठा सुरळीत आहे. संदर्भ 1 वरील पाहणी घर क्र. 2 येथे झाली असून त्या घरास त्रास नाही. तरी पाळीच्या दिवशी सकाळी 6.15 ते 7 या वेळेत घर क्र. 21 येथे पाहणी करावी व केलेल्या कार्यवाहीची माहिती आम्हांस लेखी द्यावी, ही विनंती.’

खाली अकरा सह्या, प्रत्येकीसमोर घर क्रमांक आणि ग्राहक क्रमांक, आणि दोन मोबाईल क्रमांक होते. त्यांपैकी एक क्रमांक दिवसभर घरी असणाऱ्या व्यक्तीचा होता. ‘हाल’, ‘अतोनात’ हे शब्द काकांनी स्वतःच गाळले. कारणाचा अंदाजही लिहू नका, असे मी सुचवले होते, कारण गल्लीत सर्वांचा समज होता की पुढची घरे मोटार लावून पाणी ओढतात. असे पत्रात गेले असते तर तपास मोटारींचा झाला असता, शेजाऱ्यांत भांडण लागले असते आणि मूळ दोष तसाच राहिला असता. गटाराची तक्रारही याच पत्रात जोडायची त्यांची इच्छा होती. ती वेगळ्या विभागाची असल्याने वेगळे पत्र करायचे ठरले, नाहीतर एकच कागद दोन विभागांत फिरत बसतो.

पाहणीत काय सापडले

अभियंत्यांनी पत्र वाचले आणि 21 मे या तारखेवर त्यांचे बोट थांबले. त्या कॉलनीतील रस्त्याचे डांबरीकरण 19 मे रोजी पूर्ण झाले होते, हे त्यांना ठाऊक होते, काकांना नव्हते. दोन तारखा शेजारी ठेवल्यावर कारणाचा अंदाज खुर्चीत बसूनच आला. 4 जुलैच्या पाळीला ते स्वतः सव्वासहाला घर क्रमांक 21 येथे गेले. नळ कोरडा होता. गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्हचे चेंबर शोधले, तर त्याचे झाकण डांबराखाली गेलेले. ते उकरून काढल्यावर दिसले की रस्त्याच्या कामासाठी व्हॉल्व्ह बंद केला होता आणि काम झाल्यावर तो थोडाच उघडून सोडून दिला होता. पूर्ण उघडायचे कोणाच्या तरी राहून गेले आणि मग वरून डांबर पडले.

तोंडाशी पाणी आणि शेवटी नाही, याचा उलगडाही त्यातून झाला. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमधून थोडेच पाणी गल्लीत शिरते. पुढच्या घरांच्या जमिनीखालच्या टाक्या सखल असल्याने ते पाणी आधी तेथे उतरते, आणि त्या भरून त्यांचे नळ बंद झाले की मगच उरलेले शेवटपर्यंत सरकते. म्हणून सातची वेळ. कोणी मोटार लावत नव्हते.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडला गेला. 6 जुलैला घर क्रमांक 21 येथे सहा वाजून आठ मिनिटांनी पाणी आले आणि तीच बादली एक मिनिट दहा सेकंदांत भरली. लेखी उत्तर 10 जुलैला गेले, ते मीच जावक केले. त्यात तक्रार क्रमांक 643 पुन्हा उघडून बंद केल्याचा उल्लेख होता.

घर क्रमांक 17 आणि 20 येथे मात्र धार अजूनही बारीकच राहिली. आजूबाजूला पाणी भरपूर असताना या दोनच घरांत नसणे, याचा अर्थ दोष आता वाहिनीत नव्हता. त्यांच्या जोडण्या जुन्या लोखंडी पाइपच्या होत्या. जोडणी बदलण्याचा अर्ज घरमालकाने स्वतंत्रपणे द्यायचा असतो, आणि तो सामूहिक पत्रातून होत नाही. काकांनी दोघांसाठीही अर्ज आणून दिले. दोन्हींवर ‘संदर्भ’ ही ओळ भरलेली होती.